कॅनव्हासवरचं असाइनमेंटचं पान वाचताना : उशिराचे ५ मार्क आणि रुब्रिकमधले साडेतीन

आमच्या सिडनीच्या युनिव्हर्सिटीत सगळं कॅनव्हास नावाच्या वेबसाइटवर चालतं. लेक्चरच्या स्लाइड्स, क्विझ, असाइनमेंट, मार्क, सगळं. भारतात बीई करताना प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून सरांच्या केबिनबाहेर गठ्ठ्यात ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे सुरुवातीला सोपं वाटतं, पान उघडायचं फाइल टाकायची संपलं, पण खरं म्हणजे त्या एका पानावर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या गोष्टी एकत्र दिसत असतात आणि एक महत्त्वाची गोष्ट तर दिसतच नाही. २०२५ च्या दसऱ्याला मी सांगलीला घरी आले होते तेव्हा एका असाइनमेंटच्या निमित्ताने हे सगळं नीट वाचायची वेळ आली, ते इथे लिहितेय. दर सेमिस्टरला इथे येणारी नवी मंडळी हेच प्रश्न विचारतात.

असाइनमेंट होतं अॅनालिटिक्सच्या युनिटचं म्हणजे विषयाचं, २००० शब्दांचा रिपोर्ट. मिड सेमिस्टर ब्रेक २९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर, दसरा २ तारखेला, आणि सबमिशन रविवारी ५ ऑक्टोबरला. पानाच्या वरच्या पट्टीत साधारण असं होतं:

```
Due Oct 5 by 6:29pm
Points 100
Submitting a file upload
File Types docx and pdf
Attempts 0
Allowed Attempts 2
Available until Oct 15 at 6:29pm
```

आता ही ६:२९ कुठून आली? युनिट आउटलाइनमध्ये तर रात्री ११:५९ लिहिलंय. तर कॅनव्हास ब्राउझरमध्ये जी वेळ दाखवतं ती तुमच्या कॅनव्हास अकाउंटमध्ये जो टाइम झोन सेट असेल त्याची. लॅपटॉपचं घड्याळ काय म्हणतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी घरी आल्या आल्या Account मध्ये Settings, तिथे Edit Settings, आणि Time Zone ला Mumbai करून ठेवलं होतं. त्या यादीत Mumbai, Kolkata, Chennai, New Delhi असे चारही पर्याय आहेत, चारही साडेपाचचेच, कुठलाही घ्या. आणि अकाउंटचा झोन कोर्सच्या झोनपेक्षा वेगळा असला की तारखेवर माउस नेला तर दोन ओळी दिसतात, Local ची वेळ आणि Course ची वेळ. म्हणजे मला Local मध्ये ६:२९ आणि Course मध्ये ११:५९. ही दोन ओळींची जोडी दिसली की आकडेमोड करायची गरजच उरत नाही.

आकडेमोड का करू नये त्याचं कारण त्याच रविवारी होतं. सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं, डेलाइट सेव्हिंग सुरू होतं. शनिवारपर्यंत सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं आणि रविवारपासून साडेपाच. म्हणजे शनिवारी सिडनीत रात्रीचे ११:५९ तेव्हा आपल्याकडे ७:२९, आणि रविवारी त्याच ११:५९ ला आपल्याकडे ६:२९. आमच्या बॅचमधला नागपूरचा एकजण पण ब्रेकमध्ये घरी गेला होता, त्याच्या कॅनव्हासला सिडनीचाच झोन होता त्यामुळे त्याला पानावर ११:५९ दिसत होतं आणि त्याने वर्षभराच्या सवयीने... म्हणजे हिवाळ्याच्या सवयीने, साडेचार तास वजा करून ग्रुपवर टाकलं, "आपल्याकडे ७:२९ पर्यंत आहे, निवांत". मी दुपारी ते वाचलं आणि माझ्या पानाचा स्क्रीनशॉट टाकला, पण तोवर तो कुणाच्यातरी जेवणाला गेला होता आणि फोन खिशात. त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

Due आणि Available until या दोन ओळींमध्ये बऱ्याच जणांचा घोळ होतो. Available until म्हणजे त्या वेळेनंतर सबमिशनचं बटणच बंद. Due आणि Available until च्या मधले जे दहा दिवस आहेत ती काही सवलत नाही, त्या काळात फाइल घेतली जाते पण उशिराची म्हणून घेतली जाते. आणि हे दहा दिवस का तर आमच्या युनिव्हर्सिटीचा नियमच तसा आहे, उशिराच्या प्रत्येक कॅलेंडर दिवसाला एकूण मार्कांच्या ५ टक्के कपात, आणि दहा दिवसांनंतर शून्य. कॅलेंडर दिवस म्हणजे शनिवार रविवार पण धरून.

पण हा नियम असाइनमेंटच्या पानावर कुठेच नव्हता. मला आधी वाटलं की मलाच दिसत नाहीये म्हणून खाली वर दोनदा स्क्रोल केलं, पण नाहीच. नंतर कळलं की शिक्षकाने ग्रेडबुकमध्ये लेट पॉलिसी लावली असली तरी कॅनव्हास ती विद्यार्थ्याला असाइनमेंटच्या पानावर आपोआप दाखवत नाही, कुणी सूचनांमध्ये हाताने टाइप केली असेल तरच दिसते. ती शोधायची युनिट आउटलाइनमध्ये. आणि प्रत्येक देशात, कधी कधी प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये ती वेगळी. माझी एक मैत्रीण इंग्लंडमध्ये एमएस्सी करतेय, त्यांच्याकडे ठरलेल्या दिवसांच्या आत उशिरा दिलं तर मार्क पासिंगवर अडकवतात, म्हणजे तुमचं काम ७० चं असलं तरी मास्टर्सला ५० च मिळणार. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रोफेसरच्या सिलॅबसमध्ये जे लिहिलंय तोच नियम. त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला उपयोगाचा नाही, आपापला आउटलाइन वाचायचा.

आमच्या नियमात दोन शब्द बारकाईने वाचण्यासारखे आहेत. पहिला, "एकूण मार्कांच्या" ५ टक्के, "मिळालेल्या मार्कांच्या" नाही. समजा काम ७२ चं आहे आणि एक दिवस उशीर, तर ७२ चे ५ टक्के म्हणजे ३.६ जात नाहीत, १०० चे ५ टक्के म्हणजे सरळ ५ जातात, राहिले ६७. काम जितकं कमी मार्कांचं तितका हा नियम जास्त बोचतो. दुसरा, "प्रत्येक दिवसाला". इथे अर्धा पाऊण दिवस असं काही नसतं, कॅनव्हासची आपोआप चालणारी कपात पण वरच्या पूर्ण दिवसावरच नेते. चाळीस मिनिटं उशीर म्हणजे एक दिवस, आणि पंचवीस तास उशीर म्हणजे दोन दिवस. एकदा डेडलाइन चुकली की मग घाईघाईने पाच मिनिटांत टाकण्यापेक्षा पुढचे तेवीस तास वापरलेले काय वाईट, कपात तेवढीच, हे मला एका सीनियरने सांगितलं होतं आणि हिशोबाने ते बरोबर आहे. ११:५९ वाल्या डेडलाइनला ११:५९ चं मिनिट पूर्ण मिळतं, कॅनव्हास तिथे सेकंद ५९ धरतं. पण तेवढ्यासाठी कुणी थांबू नये, घरचं नेट आणि एमएसईबी यांच्यावर इतका विश्वास नको.

आता मूळ मुद्दा. रविवारी दुपारी चारला माझ्याकडे रिपोर्ट पूर्ण होता पण मनासारखा नव्हता. प्रश्न असा होता की अडीच तासात जमेल तेवढं करून द्यायचं, का एक दिवस उशीर घेऊन, ५ मार्क सोडून, नीट करायचं. आई म्हणाली "पाचच मार्क ना, मग दे की सोडून, जेवली पण नाहीयेस". उत्तर द्यायच्या आधी मी पानाच्या तळाशी गेले, कारण उत्तर रुब्रिकमध्ये, म्हणजे कशाला किती मार्क ते सांगणाऱ्या तक्त्यात असतं.

कॅनव्हासमध्ये रुब्रिक सूचनांच्या खाली एका तक्त्यात असतं, तीन रकाने, Criteria, Ratings आणि Pts. आमचे निकष पाच होते. प्रश्नाची मांडणी १५, आधीचं साहित्य म्हणजे लिटरेचर २०, विश्लेषण ३५, शिफारशी २०, आणि लेखन व संदर्भ १०. प्रत्येक निकषापुढे पाच चौकोन, ऑस्ट्रेलियातल्या ग्रेडप्रमाणे, हाय डिस्टिंक्शन, डिस्टिंक्शन, क्रेडिट, पास, फेल. विश्लेषणाच्या ओळीचे आकडे असे:

```
35 to >29.75 pts
29.75 to >26.25 pts
26.25 to >22.75 pts
22.75 to >17.5 pts
17.5 to >0 pts
```

पहिल्यांदा बघितलं तेव्हा हा > बाण काहीतरी बिघडलंय असंच वाटलं होतं. त्याचा अर्थ साधा आहे, दुसरा चौकोन म्हणजे २६.२५ पेक्षा जास्त आणि २९.७५ पर्यंत. आणि हे विचित्र दशांश आले कुठून तर ३५ चे ८५, ७५, ६५ आणि ५० टक्के. म्हणजे प्रत्येक निकषाला तीच ग्रेडची पट्टी लावलीय, फक्त मार्क वेगळे.

यातून हिशोब करता येतो. विश्लेषणात क्रेडिटच्या चौकोनाचा मध्य साधारण साडेचोवीस, डिस्टिंक्शनचा मध्य अठ्ठावीस. एक चौकोन वर गेलं तर फायदा साडेतीन मार्कांचा. शिफारशीत तोच एक चौकोन म्हणजे दोन मार्क. लेखन आणि संदर्भात एक चौकोन म्हणजे एक मार्क, फक्त एक! आणि मी उरलेला अख्खा वेळ संदर्भांच्या यादीतले स्वल्पविराम आणि इटॅलिक बघत बसायचा बेत केला होता, तो तिथेच रद्द. एक दिवस उशिराची किंमत ५. म्हणजे उशीर परवडायला विश्लेषण एक चौकोन वर गेलं तरी पुरत नाही, त्याच्याबरोबर शिफारशीही एक चौकोन वर जायला हव्यात, तेव्हा कुठे साडेपाच मिळणार आणि ५ जाणार. अर्ध्या मार्कासाठी एक आख्खा दिवस, तोही सोमवारी सिडनीची फ्लाइट असताना. उशीर बाद.

मग उरलेले अडीच तास कुठे घालवायचे ते चौकोनांमधला मजकूर वाचून ठरवलं. इथे शांतपणे दोन शेजारचे चौकोन एकमेकांसमोर ठेवून वाचायचे, पहिला आणि शेवटचा नाही. फेल आणि हाय डिस्टिंक्शन वाचून काहीच कळत नाही, एकात सगळं वाईट आणि एकात सगळं छान. पण क्रेडिट आणि डिस्टिंक्शनमध्ये नेमकं काय बदललंय ते बघितलं की काम सापडतं. विश्लेषणाच्या क्रेडिटमध्ये होतं की पद्धत योग्य आहे आणि निष्कर्ष बरोबर काढलेत. डिस्टिंक्शनमध्ये तेच, आणि वर अजून एक वाक्य, की निष्कर्षांची दुसरी संभाव्य कारणं तपासलीत आणि डेटाच्या मर्यादा सांगितल्यात. माझ्या रिपोर्टमध्ये मर्यादांची एक ओळ होती, शेवटी, नावापुरती. दुसऱ्या कारणांचं काहीच नव्हतं. शिफारशींमध्येही तसंच, क्रेडिटला "डेटावर आधारित", डिस्टिंक्शनला "डेटावर आधारित आणि प्राधान्यक्रम लावलेल्या".

तर मी काय केलं, लिटरेचरमधून दोन परिच्छेद उडवले कारण शब्दमर्यादा होती, त्यांच्या जागी विश्लेषणात एक परिच्छेद घातला की विक्री वाढली ती जाहिरातीमुळे असं आपण म्हणतोय पण त्याच महिन्यांत सुट्ट्यांचा सीझन होता, म्हणून आधीच्या वर्षाचे तेच महिने काढून तुलना केली, वाढ निम्मी उरली, आणि ते तसंच लिहिलं. शिफारशींना क्रमांक दिले आणि प्रत्येकीपुढे एक वाक्य की ही आधी का. लिटरेचरला थोडा फटका बसणार हे माहीत होतं, पण तिथला चौकोन सुटला तरी दोन मार्क आणि इकडे साडेतीन अधिक दोन.

सहा वाजता अपलोड केलं. इथे स्टेटसचा भाग येतो. फाइल निवडली, तिचं नाव पानावर दिसायला लागलं, म्हणजे सबमिट झालं असं नाही. खाली Submit Assignment दाबल्यावर उजव्या बाजूला Submitted! आणि खाली तारीख वेळ येते तेव्हा झालं. मला Oct 5 at 6:02pm दिसलं. तिथून Submission Details मध्ये जाऊन तीच फाइल डाउनलोड करून उघडून बघितली, बरोबर व्हर्जन आहे ना, कारण final, final2 आणि final_kharach अशा तीन फाइल एकाच फोल्डरमध्ये होत्या. कॉपी तपासणाऱ्या टर्निटिनचा समानतेचा रिपोर्ट अजून तयार व्हायचा होता, तिथे प्रलंबितचं चिन्ह होतं. त्याने घाबरायचं कारण नाही, सबमिशनची वेळ रिपोर्टवर अवलंबून नसते. तो नंतर आला.

पावणेसातला चहा घेताना परत फाइल चाळली तर एका तक्त्याच्या शीर्षकात वर्ष चुकीचं. आणि पानावर New Attempt चं बटण अजून तसंच, दोनपैकी एक अटेंप्ट शिल्लक. हा मोठा मोह आहे. पण कॅनव्हास स्टेटस ठरवतं ते शेवटच्या सबमिशनवरून. पहिलं वेळेत दिलेलं असलं तरी डेडलाइननंतर दुसरं टाकलं की अख्खं असाइनमेंट उशिराचं धरलं जातं आणि कपात लागते. एका वर्षाच्या आकड्यासाठी ५ मार्क! बटण तिथेच सोडलं आणि साखरपुड्याच्या याद्या करायला बसले, चुलत बहिणीचा होता पुढच्या महिन्यात.

सव्वासातला नागपूरहून फोन. "अगं, मी आत्ता सात दहाला टाकलं, आणि late म्हणतंय, काहून?" मी म्हटलं स्क्रीनशॉट बघितला नाहीस का. एकेचाळीस मिनिटं उशीर, म्हणजे एक दिवस. त्याला वाटत होतं की घड्याळ बदललं त्याच दिवशी डेडलाइन म्हणून सवलत मिळेल, त्याने समन्वयकांना मेल केला. उत्तर सभ्य होतं आणि नकाराचं होतं, डेडलाइन कोर्सच्या स्थानिक वेळेनुसार असते असं आउटलाइनमध्ये लिहिलेलं आहे. लिहिलेलं होतंच.

एक मात्र खरं की late दिसलं म्हणजे दरवेळी कपात झालीच असं नाही. एका मुलीला आजारपणामुळे एक्स्टेन्शन मिळालं होतं, तिच्या पानावर Due ची तारीखच बदलून आली, फक्त तिच्यासाठी. पण काही युनिटमध्ये एक्स्टेन्शन वेगळ्या सिस्टिममध्ये मंजूर होतं आणि कॅनव्हासवर तारीख जुनीच राहते, तेव्हा late दिसतं आणि शिक्षक ते नंतर हाताने काढतात. म्हणून मंजुरीचा मेल आला की लगेच पानावर जाऊन तारीख बदललीय का बघायचं, नसेल तर मेल जपून ठेवायचा आणि मार्क आल्यावर परत बघायचं.

मार्क तीन आठवड्यांनी आले. त्याआधी काही दिवस Grades च्या पानावर आमच्या असाइनमेंटपुढे खोडलेल्या डोळ्याचं चिन्ह होतं, म्हणजे शिक्षकांनी मार्क अजून उघडे केलेले नाहीत, सगळ्यांचे तपासून झाले की एकदम उघडतात. त्या काळात रोज रिफ्रेश करण्यात अर्थ नसतो, तरी सगळे करतात.

माझे ७६. रुब्रिक उघडलं तर मांडणी १२, लिटरेचर १४, विश्लेषण २७.५, शिफारशी १५.५, लेखन ७. विश्लेषण आणि शिफारशी दोन्ही डिस्टिंक्शनच्या चौकोनात, शिफारशी अगदी काठावर कारण तो चौकोन १५ च्या वरच सुरू होतो. लिटरेचर क्रेडिटमध्ये, आणि शेजारी शेरा की "हा भाग अचानक संपतो". संपणारच, कापलाच होता. युनिटमध्ये या असाइनमेंटचं वजन ३० टक्के, म्हणजे ७६ चे झाले २२.८. हे वजन पण लक्षात ठेवायचं, कारण पानावरचे ५ मार्क म्हणजे युनिटच्या निकालात दीड.

नागपूरकराला Grades मध्ये दिसले ७३. तो वैतागला, कारण रुब्रिकची बेरीज ७८ येत होती आणि त्याला वाटलं बेरीज चुकलीय. चुकली नव्हती. रुब्रिकमध्ये कामाचे मूळ मार्क राहतात आणि कपात वरच्या एकूण आकड्यातून होते, तपशिलात गेलं तर Late Penalty ची वेगळी ओळ असते, त्याच्याकडे उणे ५ होती. रुब्रिकची बेरीज आणि वरचा आकडा यात बरोब्बर ५ च्या पटीचा फरक दिसला की आधी ती ओळ शोधायची आणि मगच मेल लिहायला घ्यायचा. ७८ म्हणजे डिस्टिंक्शन आणि ७३ म्हणजे क्रेडिट, माझ्यापेक्षा दोन मार्कांनी चांगलं काम करून तो एका ग्रेडने खाली. दुसऱ्या दिवशी त्याने अकाउंटचा टाइम झोन बदलला का विचारलं तर म्हणे "आता तर मी सिडनीतच आहे ना".